हिब्रूत ‘करू नको’साठी ‘लो’ आणि ‘अल’ असे दोन शब्द का? ‘लो’ म्हणजे कायमची मनाई आणि ‘अल’ म्हणजे तेवढ्यापुरती, हे खरं का?

अर्धंच खरं. आणि हे अर्धं खरं ठासून शिकवणाऱ्या एका सरांशी माझं वाजलं होतं, म्हणून लिहायला बसले.

सरांनी फळ्यावर दोन रकाने पाडले. एकीकडे दहा आज्ञांतलं ‘लो तिर्त्साह’, खून करू नको. दुसरीकडे देव अब्रामाला म्हणतो ते ‘अल तिरा’, भिऊ नको. एक सदासर्वकाळचं, दुसरं त्या घटकेपुरतं. मी लेवीय १०:९ उघडून पुढे ठेवलं. दर्शनमंडपात जाताना द्राक्षारस पिऊ नको, असं देव अहरोनाला सांगतो, आणि तिथे आहे ‘अल तेश्त’. त्याच वचनाच्या शेवटी ‘हुक्कत ओलाम’, म्हणजे कायमचा विधी! सर म्हणाले, अपवाद आहे. मग १ राजे १३ काढलं. तिथे देवाच्या माणसाला एका फेरीपुरतीच मनाई आहे, तरी ९व्या वचनात ‘लो तोखल’, ‘लो तिश्ते’: खाऊ नको, पिऊ नको. तीच मनाई २२व्या वचनात पुन्हा सांगितली जाते तेव्हा ‘अल तोखल’, ‘अल तेश्त’. यावर सरांनी विषयच बदलला.

माझ्या मते काळ हा मुद्दाच नाही. ‘लो’ हा साधा ‘नाही’. ‘लो तिग्नोव’ म्हणजे शब्दशः ‘तू चोरणार नाहीस’. आई मुलाला ‘तू आज कुठेही जाणार नाहीस’ म्हणते, तसं. विचारणं नाही, सांगून मोकळं. ‘अल’ मात्र ऐकणाऱ्याच्या मनाला हात घालतो. म्हणून लुटण्याबद्दल लेवीय १९:१३ या नियमात ‘लो तिग्झोल’ येतं, आणि नीतिसूत्रे २२:२२ मध्ये त्याच क्रियापदाला ‘अल तिग्झोल’: गरिबाला लुटू नको, कारण तो गरीब आहे. मनाई दोन्हीकडे कायमचीच, पण दुसरीकडे बोलणारा समजावतोय. देवाला विनवताना तर ‘अल’च. स्तोत्र २७:९ मध्ये ‘अल तस्तेर’, तुझं मुख लपवू नको. देवाला ‘लो’ लावून हुकूम कोण सोडणार?

ओळखायचं कसं, तर ‘अल’पुढे क्रियापद आखूड होतं: ‘तिश्ते’चं ‘तेश्त’. पण हे काही क्रियापदांतच दिसतं, ‘तिग्झोल’ दोन्हीकडे सारखंच. निव्वळ आज्ञार्थाला मात्र हिब्रूत नकार लागतच नाही, ना ‘लो’ ना ‘अल’.

हे सगळं बायबलच्या हिब्रूचं. आजच्या इस्राएलमध्ये बोलताना मनाईला ‘अल’च चालतो, आणि पाटीवर ‘लो लेअशेन’, धूम्रपान करू नये, असं क्रियापदाचं मूळ रूप येतं. तिथे ‘लो’ लावून भविष्यकाळ वापरलात, तर बहुतेक वेळा ते साधं विधान वाटेल. परीक्षेत सरांचे दोन रकाने लिहा, गुण मिळतील. वचन वाचताना मात्र कोण कोणाशी बोलतंय ते आधी बघा.