२० हजारांच्या खर्चाला निवृत्तीसाठी किती रक्कम लागेल?

प्रश्न: वय ४६, बायको ४२. जिनिंगमध्ये अकाउंटंट आहो. गावात स्वतःचं घर, पाच एकर कोरडवाहू वावर. महिन्याला २० हजार खर्च होतो. ५८ला थांबणार. ओळखीचे एक जण म्हणतात, ५० लाख एफडीत टाकले की व्याजावर आरामात निघेल. खरंच पुरतील का? आकडा काढायचा कसा?

उत्तर:

भाऊ, ५० लाख पुरणार नाहीत. तुमचा खरा खर्च धरला तर तो पैसा साडेआठ-नऊ वर्षांत संपेल, म्हणजे तुम्ही ६७चे असाल आणि वहिनी ६३च्या. कसं ते सांगतो, पण आधी तुमच्या २० हजारांकडे पाहू. सगळ्यात मोठी चूक तिथेच होते, आणि मी स्वतः ती केली आहे.

मी निवृत्तीचा हिशेब मांडला तेव्हा कॅलेंडरच्या मागे लिहिलेला रोखीचा खर्चच धरला होता. गहू, तूर, हरभरा घरचाच, म्हणून त्याचा रकाना कोराच राहिला. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली आणि वावर ठोक्याने दिलं. त्या वर्षी आमच्या घरी पहिल्यांदा किराणा दुकानातून तुरीची डाळ विकत आली. बायकोने पाच किलोची पिशवी ओट्यावर ठेवली आणि बिल माझ्या हातात दिलं. आयुष्यभर जी डाळ आम्ही भरडून डब्यात भरली, तिचा भाव मला त्या दिवशी कळला.

म्हणून तुमचा वर्षाचा खर्च असा मांडा. रोखीचे २० हजार, म्हणजे वर्षाचे २ लाख ४० हजार. त्यात जे दर महिन्याला येत नाही पण येतंच, ते मिळवा: लग्नाचे आहेर, दिवाळीचे कपडे, टिनांची दुरुस्ती, बोअरची मोटर, गाडीचं काम. मागच्या तीन वर्षांचं आठवून सरासरी काढा. मी ६० हजार धरतो. घरच्या धान्याचे बाजारभावाने २० हजार. म्हातारपणी औषधं, आरोग्य विमा आणि नागपूरच्या दवाखान्याच्या चकरा वाढतात, त्याचे ४० हजार. आता जे थांबेल ते वजा करा: मुलांचं शिक्षण आणि रोजच्या ये-जा करण्याचं पेट्रोल मिळून महिन्याला ५ हजार धरू, म्हणजे ६० हजार. उरले बरोबर ३ लाख. हे माझे अंदाज आहेत, त्या जागी तुमचे आकडे टाका.

पुढे महागाई. ६ टक्क्यांनी भाव वाढले तर ते दुप्पट व्हायला १२ वर्षं लागतात (७२ला ६ने भागा). तुम्हाला निवृत्तीला १२च वर्षं आहेत. म्हणजे ५८व्या वर्षी याच राहणीमानाला ६ लाख लागतील, महिन्याला ५० हजार. ५० लाखांवर ७ टक्क्यांनी व्याज येतं साडेतीन लाख, महिन्याचे २९ हजार. आजच्या २० हजारांसमोर ते भरपूर वाटतं, पण ते मिळायला लागेल तेव्हा घरखर्च ५० हजारांवर गेलेला असेल.

आता खरा मुद्दा. व्याजाचा दर आणि दरवर्षी काढता येणारा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ७ टक्के व्याज आलं आणि महागाई ६ टक्के असेल, तर त्या व्याजातला मोठा भाग मुद्दलाची किंमत टिकवायलाच लागतो. तो खाल्ला की आपण मुद्दलच खातोय, फक्त पासबुकात ते दिसत नाही.

७ टक्के परतावा आणि दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढणारा खर्च धरून पाहा. पहिल्या वर्षी रकमेच्या ७ टक्के काढले तर पैसा १५ वर्षं टिकतो. ५ टक्के काढले तर २२ वर्षं, ४ टक्के काढले तर २८ आणि साडेतीन टक्के काढले तर ३३. हा टक्का फक्त पहिल्या वर्षाचा. दुसऱ्या वर्षापासून शिल्लक किती आहे ते न पाहता मागच्या वर्षीच्याच रकमेत महागाईएवढी भर घालायची.

पहिल्या वर्षी ४ टक्के काढायचा नियम तुम्ही ऐकला असेल. तो आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली अमेरिकेच्या जुन्या आकड्यांवरून मांडला, तिथले शेअर आणि सरकारी रोखे धरून, ३० वर्षांसाठी. आपल्याकडची महागाई वेगळी, आणि तुमच्या घरी ३० वर्षांनी भागत नाही. तुम्ही थांबाल तेव्हा वहिनी ५४च्या असतील, म्हणून हिशेब त्यांच्या वयाने करायचा. मी तुमच्यासाठी साडेतीन टक्केच धरीन. ६ लाख भागिले ०.०३५ म्हणजे १ कोटी ७१ लाख.

यातून काय वजा होतं? वावर ठोक्याने दिलं तर आजच्या भावाने एकरी १२ हजार धरू, पाच एकरांचे ६० हजार. १२ वर्षांनी ते सव्वा लाखाच्या घरात जावेत, पण पावसाने दगा दिला की ठोकेदार निम्म्यावर येतो. म्हणून मी निम्मेच, ६० हजार, धरतो. उरलेल्या ५ लाख ४० हजारांना १ कोटी ५४ लाख लागतात. वावराची किंमत मात्र या रकमेत मिळवू नका. विकायचं नक्की नसेल तर ते पैसे नाहीत.

ईपीएफची पेन्शन मात्र जपून वजा करा. समजा महिन्याला साडेतीन हजार मिळाली. वर्षाचे ४२ हजार साडेतीन टक्क्यांनी भागले की १२ लाख कमी लागतील असं दिसतं. पण ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही, १२ वर्षांत तिची खरेदीची ताकद निम्मी होते. अशा न वाढणाऱ्या पेन्शनची निवृत्तीच्या दिवशीची किंमत ५ लाखांच्या आसपासच येते. तेवढेच वजा करा. मग गरज राहते जवळपास दीड कोटी, आजच्या पैशात ७५ लाख.

सगळं एफडीत ठेवलं तर एक धोका उरतो: पुढे व्याजदर उतरले आणि महागाई तिथेच राहिली, तर वरची वर्षं भराभर कमी होतात. व्याजावरचा करही यात धरलेला नाही. म्हणून साधारण एक तृतीयांश रक्कम शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या इंडेक्स फंडात ठेवावी असं माझं मत आहे. पण तिथे वेगळी भीती आहे. २००८च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांजवळ होता, ऑक्टोबरात ९ हजारांखाली गेला. निवृत्तीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत असं झालं आणि घर चालवायला तेव्हाच फंडाचे युनिट विकावे लागले, तर नंतर बाजार चढूनही ते परत येत नाहीत. यासाठी निवृत्तीच्या दिवशी तीन वर्षांचा खर्च, तुमच्या बाबतीत १६ ते १७ लाख, एफडीत वेगळा हवा. बाजार पडलेला असेल तेव्हा फक्त त्यातून काढायचं.

महागाई ७ टक्के निघाली तर ६ लाखांचे पावणेसात होतात, म्हणून दर दिवाळीनंतर तुमच्या खऱ्या खर्चाने हा हिशेब नव्याने करा.

आता ईपीएफ पासबुकातली शिल्लक, पोस्टात काही असेल तर ते आणि दर महिन्याला किती बाजूला पडतात ते लिहा. दीड कोटीला किती कमी पडतात ते त्यावरून काढू.