ब्लॅक-शोल्सचा पुट साडेचार रुपयांचा, बाजारात मात्र ३६ ला: नक्की काय चुकतंय?

प्रश्न: निफ्टी २५,०००, स्ट्राइक २३,०००, एक्स्पायरीला ३० दिवस, व्याज ६.५ टक्के, व्होलॅटिलिटी १४ टक्के. एवढं ऑप्शनचा भाव काढणाऱ्या ब्लॅक-शोल्स सूत्रात घातलं की पुट साडेचार रुपयांचा येतो. बाजारात तोच ३६ ला चाललाय. माझं चुकतंय की बाजाराचं?

उत्तर: तुमचं गणित बरोबर आहे, मीही करून पाहिलं. अडचण त्या १४ टक्क्यांत आहे.

सूत्राला लागणाऱ्या पाच गोष्टींपैकी स्पॉट, स्ट्राइक आणि मुदत या तीन स्क्रीनवर दिसतात. चौथी व्याजदर. इथे एक बारीक खोच आहे. निफ्टीतल्या कंपन्या मुदतीत डिव्हिडंड देतात आणि तेवढा निर्देशांक खाली येतो. म्हणून नुसता स्पॉट आणि व्याज घालण्यापेक्षा त्याच एक्स्पायरीच्या फ्यूचरचा भाव घेणं बरं. तुमच्या आकड्यांनी फ्यूचर साधारण २५,१३४ ला हवा. प्रत्यक्षात तो २५,०९० असेल, तर एकाच स्ट्राइकच्या कॉलची आणि पुटची व्होलॅटिलिटी वेगवेगळी निघेल. तसं दिसलं तर आधी आपला फ्यूचर तपासा, मॉडेलला नावं नंतर ठेवा. पण ही चूक फार तर दोनचार रुपयांची. साडेचारचे ३६ ती करू शकत नाही.

पाचवी गोष्ट व्होलॅटिलिटी म्हणजे अस्थिरता, आणि ती कुठेच छापून येत नाही. आजपासून एक्स्पायरीपर्यंत निफ्टी किती हलेल हे कोणाला माहीत आहे? म्हणून ऑप्शनचे लोक सूत्र उलटं चालवतात. बाजारभाव आत घालायचा आणि तो कोणत्या व्होलॅटिलिटीला बसतो ते काढायचं. यालाच इम्प्लाइड व्होलॅटिलिटी किंवा आयव्ही म्हणतात. तुमच्या पुटला ३६ रुपये हा भाव २० टक्क्यांना बसतो. तुम्ही १४ टक्के बहुधा २५,००० च्या स्ट्राइकवरून उचललेत, आणि तिथे ते बरोबरच असतील. पण निर्देशांक एकच असताना एका स्ट्राइकला १४ आणि दुसऱ्याला २० कसे? मॉडेलच्या हिशेबाने सगळ्या स्ट्राइकना एकच आकडा यायला हवा. खालच्या पुटकडे जाताना चढत जाणाऱ्या या रेषेला स्क्यू म्हणतात.

ब्लॅक-शोल्स १९७३ चं. त्यात गृहीत असं की भाव सलग सरकतो, उडी मारत नाही, आणि त्याची अस्थिरता मुदतभर तीच राहते. अमेरिकेत १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ एका दिवसात २२.६ टक्के पडला आणि त्यानंतर तिथल्या निर्देशांकांच्या ऑप्शनमध्ये हा स्क्यू ठळक होऊन कायमचा बसला. आपल्याकडचं ताजं उदाहरण म्हणजे ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. निफ्टीची अपेक्षित अस्थिरता सांगणारा इंडिया व्हीआयएक्स आदल्या दिवशी २१ च्या आसपास बंद झाला होता. २१ टक्के वार्षिक म्हणजे दिवसाला साधारण १.३ टक्के. निफ्टी पडला ५.९ टक्के, म्हणजे त्याच्या साडेचारपट. मॉडेल ज्या घंटाकृती वितरणावर उभं आहे, त्यात एवढी पडझड हजारेक वर्षांतून एखादा दिवस व्हावी.

त्यातही त्या दिवशी काहीतरी मोठं होणार हे सगळ्यांना माहीत होतं. निकालाचा एक दिवस आणि पुढचे शांत दिवस यांना समान अस्थिरता वाटून देणं हीच गफलत. निकालाची धूळ बसल्यावर दुसऱ्याच दिवशी व्हीआयएक्स खाली आला. बजेट किंवा कंपनीचे निकाल मुदतीत येत असतील तर हाच प्रकार लहान प्रमाणात दिसतो.

आता विकणाऱ्याच्या बाजूने पाहा. मॉडेल म्हणतं, पुट विकलास तर क्षणोक्षणी फ्यूचरची खरेदी-विक्री करून हेज करत राहा, धोका शून्य. पण बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो आणि सकाळी सव्वानऊला तीनशे पॉइंट खाली उघडू शकतो. मधल्या भावाला फ्यूचर विकायची संधीच मिळत नाही. शिवाय दर वेळी ब्रोकरेज, एसटीटी आणि बिड-आस्कमधली फट. हा धोका अंगावर घ्यायला साडेचार रुपयांत कोणी तयार होत नाही. उलट हातात शेअर असलेले मोठे फंड विमा म्हणून नेमके हेच पुट मागत असतात. त्यामुळे ३६ मध्ये निव्वळ शक्यतेबरोबर थोडी भीतीची किंमतही आहे, आणि पुष्कळदा ती जास्तच असते. म्हणून बाजार 'बरोबर' आहे असंही मी म्हणणार नाही.

मग सूत्राचा उपयोग काय? २३,००० ला भाव लावायचा असेल तर २५,००० ची आयव्ही वापरू नका, शेजारच्या २२,९०० आणि २३,१०० ची बघा. नाहीतर फटका फक्त भावात बसत नाही, हेजमध्येही बसतो. निफ्टी एक पॉइंट हलला की पुट किती हलतो, तो डेल्टा. १४ टक्क्यांनी तो येतो उणे ०.०१३, २० टक्क्यांनी उणे ०.०५८. म्हणजे शंभर पुट विकले असतील तर पहिल्या हिशेबाने निफ्टीची १.३ युनिट विकून तुम्ही निर्धास्त व्हाल, दुसऱ्याने ५.८ विकावी लागतील. आणि निफ्टी पडला की आयव्ही बहुधा वर जाते, त्यामुळे पुट आणखी महागतो. म्हणून ५.८ सुद्धा अनेकदा कमीच पडतात.