आठवड्यातून एकदा, म्हणजे कोणत्या वारी?

औषधांच्या माहितीपत्रकांचं मराठी भाषांतर करणारे, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी गोळ्यांचा कागद लिहून फ्रिजवर लावणारे, असे दोन्ही प्रकारचे वाचक मला लिहितात. गोंधळ मात्र सगळ्यांचा तोच असतो, म्हणून या वेळी उत्तरं एकत्र देते.

‘चमचाभर’ म्हणजे घरातला कोणता चमचा समजायचा?

कोणताच नाही. भाषांतरातून ‘चमचा’ हा शब्द काढा, ‘५ मिली, बाटलीसोबत आलेल्या मापाने’ असं लिहा, आणि माप हरवलं असेल तर औषधाच्या दुकानातून दुसरं आणा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 1/2 लिहिलंय. मी कागदावर तसंच उतरवलं तर चालेल ना?

चालणार नाही. माझ्या ओळखीतल्या एका आजोबांनी ते ‘एक किंवा दोन’ असं वाचलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ‘अर्धी गोळी’ असं अक्षरात लिहा. १.५ चंही तेच: मधला ठिपका चष्म्याशिवाय दिसत नाही आणि दीडचे पंधरा होतात. ‘दीड’ कळतं, पण ‘एक अख्खी आणि एक अर्धी’ अधिक चांगलं कळतं. आणखी एक: गोळीच्या पाकिटावर इंग्रजी आकडे आणि तुमच्या कागदावर मराठी, अशी सरमिसळ झाली की मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ इंग्रजी आठसारखा. संख्या अक्षरात लिहिली की हा प्रश्नच उरत नाही. मात्र ती गोळी अर्धी करता येते का, हे आधी औषध विक्रेत्याला विचारा. शरीरात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या काही गोळ्या मोडायच्या नसतात.

थायरॉईडच्या गोळीच्या पत्रकात ‘रिकाम्या पोटी’ असं भाषांतर केलंय. सासूबाई म्हणतात, मी रिकाम्या पोटीच घेते. पण त्या चहाबरोबर घेतात.

त्यांच्या हिशेबी त्या खरंच सांगताहेत. आपल्याकडे चहा ‘खाण्यात’ धरत नाहीत. चहा-बिस्किटसुद्धा पुष्कळ घरांत धरत नाहीत. ‘अनशापोटी’ हा जुना शब्द त्या पिढीला जास्त जवळचा आहे, पण चहाची पळवाट त्यातही राहते. म्हणून जे टाळायचं ते नाव घेऊन लिहावं: ‘सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, दूध, नाश्ता काही नको.’ कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर लागतं, तेही लिहा. इतके दिवस चहाबरोबर घेतली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. त्याच सवयीवर रक्ततपासणी होऊन डोस ठरला असेल, आणि आता वेळ बदलली की डोसही पाहावा लागेल. तो स्वतःच्या मनाने बदलू नका.

मी व्यवसायाने भाषांतरकार आहे. संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटच्या रुग्णपत्रिकेत ‘आठवड्यातून एकदा तीन गोळ्या’ असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी परत पाठवलं. यात अस्पष्ट काय आहे?

तुमच्यासाठी काहीच नाही. पंचाहत्तरीच्या बाईंसाठी जवळजवळ सगळंच. या एका ओळीबद्दल मी वर्षानुवर्षं कटकट करत आले आहे, तेव्हा जरा सविस्तर ऐका.

आधी औषध काय आहे ते समजून घ्या. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच दिवशी घेतात. तेच चुकून रोज घेतलं तर अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं मंदावतं आणि माणूस दगावू शकतो. असे मृत्यू जगभर नोंदले गेले आहेत, आणि कारण बहुतेक वेळा हेच: आठवड्याचं औषध रोज घेतलं गेलं. वयामुळे मूत्रपिंडं मंदावलेली असली तर धोका आणखी वाढतो, कारण हे औषध शरीराबाहेर पडतं ते मुख्यतः त्याच वाटेने.

आता तुमची ओळ. मी नवीन मजकूर वयस्कर माणसांकडून तपासून घेते तेव्हा ‘समजलं का?’ असं कधीच विचारत नाही, कारण ‘हो’ म्हणणं हा आपल्याकडचा शिष्टाचार आहे. मी सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आणि मूठभर चिंचोके समोर ठेवते आणि म्हणते, ‘आजी, यात लिहिल्याप्रमाणे भरून दाखवा.’ तुमच्यासारखीच ओळ मी एकदा अशी तपासली होती. एका आजींनी सोमवारच्या कप्प्यात तीन चिंचोके टाकले आणि म्हणाल्या, ‘सकाळ, दुपार, रात्र.’ दुसऱ्या आजींनी सोमवार, बुधवार, शुक्रवार असा एकेक टाकला, कारण ‘तीन गोळ्या एकदम कोण घेतं?’ तिसरे एक आजोबा सातही कप्पे भरायला लागले. विचारलं तर म्हणाले, ‘एकदा म्हणजे दिवसातून एकदा.’ ‘आठवड्यातून’ हा शब्द त्यांच्या डोळ्यांनी वाचला होता, पण साठ वर्षांच्या सवयीने तो गाळून टाकला. गोळी म्हणजे रोजची, हे डोक्यात इतकं पक्कं असतं.

वाचता येणं आणि मोजून दाखवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा’ हे लेबल कमी साक्षर रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी बरोबर सांगितलं. दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवणं मात्र सुमारे ३५ टक्क्यांनाच जमलं.

मग लिहायचं कसं? ‘साप्ताहिक मात्रा’ तर मुळीच नको. साप्ताहिक म्हटलं की त्या पिढीला वर्तमानपत्र आठवतं. ‘सेवन करावे’ही नको. मी हे असं लिहिते:

‘ही गोळी रोज घ्यायची नाही.
आठवड्यात फक्त एका वारी घ्यायची. तुमचा वार: ________
त्या वारी ______ गोळ्या, सगळ्या एकाच वेळी, पाण्याबरोबर गिळायच्या.
बाकीचे सहा दिवस ही गोळी हातात घ्यायची नाही.’

पहिलं वाक्य मुद्दाम नकारात्मक आहे. पत्रकं नेहमी होकारार्थी लिहावीत असा एक नियम तुम्हाला शिकवला असेल. इथे तो मोडा, कारण आधी जुनी सवय थांबवायची आहे. मोकळ्या जागा डॉक्टरांनी किंवा औषध विक्रेत्याने रुग्णासमोर पेनने भरायच्या. गोळ्यांची संख्या छापून टाकू नका, कारण हे औषध अडीच मिलिग्रॅमच्या गोळीत मिळतं तसंच दहाच्याही. अडीचच्या तीन गोळ्या म्हणजे साडेसात मिलिग्रॅम. दहाच्या तीन म्हणजे त्याच्या चौपट. वाराचं नाव पूर्ण लिहा. आणि वार ठरवताना रुग्णाचा उपवासाचा वार टाळावा, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. उपवासाला ‘आज काही नको’ म्हणून गोळी राहते, मग दुसऱ्या दिवशी आणि पुढच्या वारी दोन्हीकडे घेतली जाते.

याच्या जोडीला फॉलिक ॲसिड दिलेलं असतं आणि ते घेण्याचे दिवस वेगळे असतात. दोन्ही गोळ्या पुष्कळदा लहान आणि पिवळ्या असतात. त्यामुळे ‘पिवळी गोळी रोज’ असं कुठेही, कोणत्याही कागदावर येता कामा नये.

राहिली धोक्याची लक्षणं. मूळ इंग्रजीतल्या शब्दाला तुम्ही ‘मुखातील श्लेष्मल आवरणाचा दाह’ केलंय. त्याला आपण ‘तोंड येणं’ म्हणतो. फक्त तेवढं लिहून भागत नाही, कारण तोंड आलं की घरात ‘उष्णता झाली’ म्हणतात आणि गुलकंद सुरू होतो. ‘तोंड आलं, ताप आला, घसा दुखला किंवा अंगावर काळेनिळे डाग उठले तर उष्णता समजून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा’ असं लिहा. माझ्या पाहण्यातल्या एका बाईंनी नऊ दिवस रोज गोळी घेतली होती. त्यातले शेवटचे चार दिवस गुलकंदात गेले. त्या वाचल्या, पण दवाखान्यात बरेच दिवस राहून.

आणि तपासणाऱ्यांवर रागावू नका. युरोपात पत्रक छापण्याआधी ते खऱ्या वाचकांकडून तपासून घ्यावं लागतं. आपल्याकडे कोणी स्वतःहून ते करत असेल तर त्यांचा फोन नंबर मला द्या.

वडिलांची एक गोळी ‘एक दिवसाआड’ आहे. ते विषम तारखांना घेतात. ठीक आहे ना?

३१ तारखेपर्यंत ठीक आहे. मग ३१ ला घेतली की दुसऱ्या दिवशी १ तारीख, तीही विषम, म्हणजे लागोपाठ दोन दिवस गोळी. वारांनीही जमत नाही, आठवडा सातचा असल्यामुळे सोमवार पुढच्या खेपेला सुटतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुम्हीच महिन्याच्या तारखांना गोल करून ठेवा आणि घेतली की वडिलांना त्यावर फुली मारू द्या. ‘दोन दिवसांआड’ मात्र कधीच लिहू नका. निम्मी माणसं मध्ये एक दिवस सोडतात, निम्मी दोन. चिठ्ठीत तसं आलं असेल तर अर्थ तुम्ही लावू नका, डॉक्टरांना फोन करा.

एका कंपनीचं छान रंगीत मराठी पत्रक मिळालं. ‘दिवसाला फक्त एकच!’ असं मोठ्या अक्षरात आहे. तेच आईसाठी वापरू का?

ती जाहिरात आहे. डोस बहुधा मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात असेल, आणि ‘फक्त एकच’ हा बाजारातल्या दुसऱ्या गोळीला मारलेला टोमणा आहे, तुमच्या आईसाठी दिलेली सूचना नव्हे. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘सर्व औषधांच्या मराठी तक्त्यां’चंही तेच, त्यात कोणाच्या तरी मावशीचा डोस असतो. आईची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जा, तिथल्या फार्मासिस्टला एकेक गोळी विचारा आणि त्यांच्यासमोर लिहून घ्या.

आईची आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी गेल्या आठवड्यापासून रोज घेतली गेली, असं काल लक्षात आलं. सध्या फक्त तोंड आलंय. पुढच्या महिन्यात तपासणीची तारीख आहे, तेव्हा सांगितलं तर चालेल का?

नाही. तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला. इतर वाचकांसाठी सांगते: पुढची गोळी देऊ नका, गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या आणि रुग्णाला त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, रक्ततपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.