दहापैकी दहा दाणे उगवले, तर उगवण 100 टक्के धरायची का?

प्रश्न: घरच्या सोयाबीनचे 10 दाणे ओल्या गोणपाटात ठेवले, दहाही उगवले. एमएलई काढला तर p = 1 येतो. मित्र म्हणतो बेटा प्रायर घे, मग 0.8 येतं. सगळे दाणे उगवलेले दिसत असताना हे 0.8 आलं कुठून?

उत्तर: तुमच्या मित्राने बहुधा Beta(14, 6) घेतला असावा, कारण त्याने बरोबर 0.8 येतं, जरी इतर काही जोड्यांनीही तेच येऊ शकतं. मीही साधारण तोच घेतला असता.

एमएलई एवढंच विचारतो की p किती असता तर हे दहा दाणे असे उगवण्याची शक्यता सर्वांत जास्त झाली असती. उत्तर 1. गणित चोख आहे, पण त्याचा अर्थ असा की पोत्यातला एकही दाणा वाया जाणार नाही. घरचं बियाणं ठेवणारा कुणीही यावर हसेल. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. मळणीयंत्राचा वेग थोडा जास्त झाला किंवा पोती आपटली, तरी आतला अंकुर दुखावतो आणि दाणा वरून धडधाकट दिसतो. ही माहिती दहा दाण्यांच्या आधीपासून आपल्याजवळ आहे आणि प्रायर म्हणजे तीच.

आता आकडे. समजा आजवरच्या अनुभवावरून तुम्हाला वाटतं की उगवण 70 टक्क्यांच्या आसपास असते आणि साधारण 10 टक्के इकडेतिकडे होते. Beta(a, b) वितरणात सरासरी m आणि प्रमाण विचलन s असेल तर a + b = m(1−m)/s² − 1. म्हणजे 0.21/0.01 − 1 = 20. त्याचे 70 टक्के 14, उरले 6. याचा सरळ अर्थ असा की तुमचा अनुभव 20 दाण्यांच्या चाचणीएवढा वजनदार आहे, ज्यात 14 उगवले आणि 6 नाहीत.

प्रायरचा आकार p¹³(1−p)⁵ आणि दहा दाण्यांचं लाइकलीहूड p¹⁰. गुणाकार p²³(1−p)⁵, म्हणजे पुन्हा बेटाच, Beta(24, 6). कॉन्जुगेट म्हणतात ते यालाच: कुटुंब बदलत नाही, उगवलेले a मध्ये मिळवायचे आणि न उगवलेले b मध्ये. दाणे पाहून झाल्यावरचा हा अंदाज म्हणजे पोस्टिरिअर, त्याची सरासरी 24/30 = 0.8. तेच दुसऱ्या बाजूने पाहा:

```
(20/30) × 0.7 + (10/30) × 1 = 0.8
```

20 दाण्यांएवढा अनुभव एका पारड्यात, 10 दाण्यांचा एमएलई दुसऱ्या पारड्यात. दाणे वाढवा, पारडं आपोआप फिरतं. समजा आणखी 90 लावले, त्यांतले 66 उगवले. एकूण 100 पैकी 76, एमएलई 0.76. पोस्टिरिअर Beta(90, 30), सरासरी 0.75. वाद मिटल्यात जमा. आधी 10 मग 90 मोजा की शंभर एकदम, Beta(90, 30) च येतं.

शिवाय पेरणीला उपयोगी प्रश्न वेगळाच असतो: सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान 70 टक्के उगवण लागते, तर माझं बियाणं त्याच्या वर असण्याची शक्यता किती? आर मध्ये एक ओळ:

```r
1 - pbeta(0.7, 90, 30)
```

उत्तर 0.89 च्या आसपास. दहा दाण्यांच्या p = 1 मधून असं काही काढता येत नाही.

प्रायर फुकट मिळत नाही, हेही खरं. पोती पावसात भिजली असतील आणि खरा p 0.3 असेल, तर दहाच दाण्यांवर तुमचा 0.7 चा प्रायर अंदाज वर ओढून धरेल आणि तिथे एमएलईच सरासरीने जवळ जाईल. कुणी आत्मविश्वासाने Beta(700, 300) घेतला तर दहाही उगवूनसुद्धा उत्तर 0.703 येतं, मग चाचणी घेतलीच कशाला? म्हणून a + b किती दाण्यांएवढा आहे हे आधी स्वतःला विचारा. आणि प्रायर याच दहा दाण्यांवरून ठरवू नका, नाहीतर तेच दाणे दोनदा मोजाल.

मला मात्र प्रायरपेक्षा वेगळीच शंका आहे. तुमचे दहा दाणे एकाच पोत्याच्या तोंडाजवळचे होते का? वरचे शंभर दाणे चार पोत्यांतून 25-25 घेतले आणि 24, 23, 21, 8 असे उगवले, तरी बेरीज 76 च. पण p सगळीकडे 0.76 असता तर प्रत्येक पोत्यात 19 च्या आसपास, दोन-तीनचा फरक धरून, यायला हवे होते. 8 त्यात बसत नाही. इथे एकच p नाही, चौथं पोतं वेगळं आहे, आणि Beta(90, 30) तुम्हाला हे कधीच सांगणार नाही. पोत्यागणिक आकडे वेगळे लिहा. चौथं पोतं बाजूला काढलं तर उरलेल्या तिघांत 75 पैकी 68 येतात, Beta(82, 13), सरासरी 0.86.