सुटलेल्या ट्रेड्सची वही

“क्रिप्टोतली सगळी मोठी हालचाल माझ्या रात्रीच होते. झोपलो तर सेटअप सुटतो, जागलो तर दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही. काय करू?”

थोड्याफार फरकाने हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की एकाची गोष्ट सगळ्यांसाठी सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

हे गृहस्थ दिवसा नोकरी करायचे आणि अकराला झोपायचे. अमेरिकी बाजाराच्या वेळेत किंमत हलली की मोबाईलचा अलर्ट त्यांना साडेबाराला उठवायचा. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात जास्त असते. त्यातून उठवलेल्या माणसाची गुंगी अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त राहते. हे त्या गुंगीतच एंट्री घ्यायचे, तीही मूव्ह अर्धी झाल्यावर. मग स्टॉपलॉस मागे सरकवायचे आणि पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचे.

पहिल्या भेटीत त्यांनी वही पुढे केली. तीन आठवड्यांत सुटलेले पाच ट्रेड तारीखवार लिहिलेले. प्रत्येकात एक भाग जोखीम, दोन भाग नफा. “मॅडम, दहा भाग गेले. झोपेची किंमत.”

“ही नोंद कधी करता?”

“सकाळी. उठल्या उठल्या चार्ट उघडतो.”

इथेच मी थांबले. बहुतेक जण रात्रीचा बंदोबस्त करायला निघतात, पण यांचं जागरण सकाळीच ठरत होतं. सकाळच्या चार्टवर वर गेलेली किंमत डोळ्यांत भरते आणि ‘काल मी इथे असतो तर’ हे वाक्य त्या रात्रीपर्यंत पुरतं. माझा कल आधीपासून असा की भावनेशी वाद घालू नये, ती ज्या पुराव्यावर उभी आहे तो तपासावा.

म्हणून त्यांना काम दिलं. त्याच तीन आठवड्यांच्या रात्री चार्टवर रिप्ले लावून एकेक कँडल पुढे न्यायची. पुढचं दिसण्याआधी स्वतःच्या लेखी नियमाप्रमाणे एंट्री, स्टॉपलॉस आणि टार्गेट कागदावर मांडायचं, मगच पुढची कँडल.

पुढच्या वेळी ते आले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. कागद सरकवला. एकूण चौदा सेटअप. पाच टार्गेटला, आठ स्टॉपलॉसला, एकात एंट्रीच मिळाली नाही. दहातून आठ गेले, उरले दोन. त्यातून फी आणि स्लिपेज जायचंच.

“हे आठ मला आठवतच नव्हते.”

“आठवणार कसे? फसलेला सेटअप सकाळी चार्टवर सेटअपसारखा दिसतच नाही.”

ते हसले. त्या आठवड्यापासून रात्री अलर्टची वाट बघत पडून राहणं कमी झालं. मी हे काम बऱ्याच जणांना दिलंय. उपदेशाने जे होत नाही, ते हा कागद करतो. अर्थात तीन आठवड्यांवरून पद्धत चांगली की वाईट हे ठरत नाही. फक्त वहीतला आकडा खरा नव्हता, एवढंच कळतं.

मग व्यवस्था सोपी झाली. झोपण्याच्या तासभर आधी चार्ट बघायचा. एंट्रीची ऑर्डर लावायची तर तिच्यासोबत स्टॉपलॉस आणि टार्गेटही लावायचं, आणि अलर्ट बंद. स्टॉपलॉस मार्केट ऑर्डरचा, कारण लिमिटचा असेल तर वेगवान घसरणीत किंमत त्याला ओलांडून जाते आणि पोझिशन उघडीच राहते. मार्केट ऑर्डरमध्ये ठरवल्यापेक्षा वाईट भाव मिळू शकतो, म्हणून रात्रीची पोझिशन दिवसाच्या निम्मी. लिव्हरेज इतकं कमी की लिक्विडेशनचा भाव स्टॉपलॉसपासून बराच लांब राहील. एवढं करूनही उठून बघावंसं वाटलं, तर ती पोझिशन तुमच्या झोपेपेक्षा मोठी आहे, ती कमी करा. सकाळचा चार्ट आंघोळ-नाश्त्यानंतर, आणि सुटलेल्यांची नोंद करायचीच तर फसलेल्यांसकट.

रात्री ट्रेड करायचाच असेल तर झोप मोडून करू नये, झोप सरकवावी. या गृहस्थांनी फेडच्या व्याजदराच्या रात्री निवडल्या. त्या वर्षातून आठच असतात. निवेदन वॉशिंग्टनच्या दुपारी दोनला येतं, पत्रकार परिषद अडीचला. दुसऱ्या दिवशी ते उशिरा कामावर जातात. अमेरिकेतली घड्याळं मार्चमध्ये पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे जातात. तुमच्याकडची बदलत नसतील तर ही वेळ तासभर सरकते, तेवढं लक्षात ठेवा.

अलर्ट बंद करूनही आठवड्यात तीन-चार रात्री झोप लागत नसेल आणि हे महिनोन्‌महिने चाललं असेल, तर झोपेच्या डॉक्टरांना दाखवा. तोटा घरच्यांपासून लपवत असाल किंवा तो भरून काढायला कर्ज काढत असाल, तर ऑर्डर कशा लावायच्या हा प्रश्नच बाजूला ठेवून आधी समुपदेशकाकडे या.