करिअर ठरलेलं नाही, मग निवेदनात काय लिहू?

‘दहावी झाली. बंगळुरूच्या एका कॉलेजात पीयू आर्ट्सला अर्ज करतेय. फॉर्मसोबत तीनशे शब्दांचं निवेदन द्यायचंय, मग मुलाखत. पुढे काय व्हायचं ते माझं ठरलेलंच नाही. घरचे म्हणतात, आयएएस लिही आणि मोकळी हो. लिहू का?’

नको लिहूस. मुलाखतीला बसणाऱ्यांपुढे असे भावी कलेक्टर रांगेने येतात आणि त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आयएएसच का? ‘समाजसेवा करायची आहे’ याच्या पलीकडे उत्तर सहसा जात नाही.

बेळगावची एक मुलगी अशीच माझ्याकडे आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तिच्या कच्च्या मसुद्यात पहिलंच वाक्य होतं, ‘मी लहानपणापासून जिज्ञासू आहे.’ पुढे वाचन, वक्तृत्व, चित्रकला, भरतनाट्यम आणि शेवटी अर्थातच आयएएस. मी ‘जिज्ञासू’वर काट मारली आणि विचारलं, ‘गेल्या वर्षभरात कुणी सांगितलं नसताना तू कशाचा माग काढलास?’ ती बराच वेळ गप्प. मग जरा लाजत म्हणाली, ‘मॅडम, एक विहीर आहे. पण ते काही अभ्यासातलं नाही.’

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी त्याची व्यवस्था पाहिली, आणि येणाऱ्या माणसांच्या पाण्यासाठी ही विहीर खोदली गेली. आजोबांबरोबर तिथून जाताना हिच्या डोक्यात आलं: या विहिरीचं पाणी सगळ्यांना सारखंच मिळत होतं का? तिने गांधीजींचं अध्यक्षीय भाषण शोधून वाचलं. त्यात अस्पृश्यतेचा मुद्दा होता, विहिरीबद्दल काही नव्हतं. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांना विचारलं, तर दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. कुणाचं खरं धरायचं ते कळेना, म्हणून वहीत दोन्ही लिहून ठेवल्या.

मला हवं होतं ते हेच. विशेषतः तो शेवटचा भाग, जो तिला अपयश वाटत होता. प्रश्न पडणं सोपं आहे. त्यासाठी काय केलं आणि गाडी कुठे अडली, हे सांगता आलं की वाचणाऱ्याला मुलगी दिसते. शिवाय जिथे अडलं, तिथेच कॉलेजची गरज सुरू होते. आठवणींचं काय करायचं हे इतिहास शिकवतो, पाणवठा कुणाचा हे समाजशास्त्र विचारतं, खर्च कुणी केला हा अर्थशास्त्राचा प्रश्न. तिने मैत्रिणींच्या नादाने मानसशास्त्राचा गट निवडला होता. मसुदा लिहिता लिहिता तिचं तिलाच कळलं की आपले प्रश्न एचईपीएसमध्ये, म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र या गटात बसतात. निवेदन एकीकडे आणि फॉर्मवरचा गट दुसरीकडे, असं झालं की मुलाखतीत लगेच पकडतात.

आधी तिला सगळं मराठीत बोलायला लावलं, मग इंग्रजीत उतरवलं. अर्ध्याहून जास्त जागा विहिरीला. वक्तृत्व आणि नृत्य गेलं. आईला ते फार लागलं, ‘एवढी बक्षिसं आहेत हो तिला!’ बक्षिसांना फॉर्मवर वेगळा रकाना होता, तिथे ती लिहिली. करिअरबद्दल दोनच वाक्यं ठेवली: ‘कोणता व्यवसाय करायचा हे मी अजून ठरवलेलं नाही. या दोन वर्षांत मला कागदपत्रांवर काम करायला जास्त आवडतं की माणसांशी बोलायला, हे पाहायचं आहे.’ ‘अजून गोंधळलेली आहे’ हे तिचं मूळ वाक्य मी काढायला लावलं. गोंधळ म्हटलं की समोरच्याला काळजी वाटते. दोन वाटा नावानिशी सांगितल्या की तिने विचार केलाय हे दिसतं.

मुलाखतीत अर्धा वेळ विहिरीवरच गेला. एका प्राध्यापकांनी विचारलं, ‘दोन आठवणींपैकी तुझा विश्वास कशावर?’ ती म्हणाली, ‘सर, सांगणारे दोघंही तेव्हा जन्मले नव्हते. दोघंही ऐकीवच सांगत होते.’ हे तिला तिथे बसल्या बसल्या सुचलं होतं, निवेदनात नव्हतं. प्रवेश मिळाला. अर्थात दहावीचे गुणही चांगले होते, ते विसरू नकोस.

तुझी विहीर कोणती ते तूच शोध, पण एकच घे. पाच विषयांतली पाच कुतूहलं मांडलीस तर धरसोड वाटेल. आणि जे खरंच केलंयस तेवढंच लिही, कारण प्रश्न त्यावरच येणार. फॉर्मवर ‘तुमचं ध्येय’ असा वेगळा रकाना असेल तर तो कोरा सोडू नकोस, वरच्यासारखी दोन वाक्यं तिथे टाक. सोबत कोल्हापूरला अकरावीचाही फॉर्म भरणार असशील, तर तिथे या निवेदनाचा उपयोग नाही. महाराष्ट्रातला ऑनलाइन प्रवेश गुणांवर होतो.