प्रवासातलं गेमिंग: बॅटरी आधी बघा, गेम मग

प्रश्न: नागपूर-पुणे ट्रॅव्हल्सने महिन्यातून एकदा तरी जाणं होतं. घरी टीव्हीला जोडता येईल आणि गाडीतही खेळता येईल असं काय घेऊ? स्विच ओएलईडी, स्विच २ की स्टीम डेक? (त्रिमूर्तीनगर)

कंपन्या बॅटरीचे दोन आकडे देतात. मोठा विसरा, लहान पाहा. स्विच ओएलईडीचा दावा साडेचार ते नऊ तासांचा, स्विच २ चा दोन ते साडेसहा, स्टीम डेक ओएलईडीचा तीन ते बारा. म्हणजे जड गेम लावला तरी जुना स्विच ओएलईडी साडेचार तास तग धरेल, आणि नवाकोरा स्विच २ वर्धा-अमरावतीच्या पट्ट्यातच मान टाकेल. प्रवास हाच मुख्य उपयोग असेल तर मी स्विच २ सुचवणार नाही. त्याचा पडदा सुंदर आहे, पण तो घरात बघावा.

डेकचं गणित वेगळं. त्याची बॅटरी ५० वॅट-तासांची आहे. शेतीवाडीचा स्टारड्यू व्हॅली साधारण ७ वॅट ओढतो, म्हणजे सात तास. मोठा थ्रीडी गेम २० वॅट ओढतो, म्हणजे अडीच तास. उजवीकडचं तीन ठिपक्यांचं बटण दाबून परफॉर्मन्समध्ये फ्रेम मर्यादा ४० वर आणा, टीडीपी मर्यादा, म्हणजे चिपने किती वीज ओढायची ती मर्यादा, ८-९ वॅटवर ठेवा. जड गेमही चार तासांच्या आसपास जाईल. चित्र अडखळू लागलं तर एक-एक वॅट वाढवत जायचं.

निकाल मात्र गेम्सवर लागतो. संगणकावर स्टीमचे गेम आधीच विकत घेतलेले असतील तर डेक घ्या, तेच गेम पुन्हा विकत घ्यावे लागणार नाहीत. टीव्हीसाठीचा डॉक वेगळा घ्यावा लागेल, तो खर्च धरा. पाटी कोरी असेल, घरात लहान मुलं असतील, मारिओ-झेल्डा हवा असेल, तर स्विच ओएलईडी. अजून एक: डेक ६४० ग्रॅमचा, स्विच ओएलईडी जॉयकॉनसह ४२० चा. स्लीपरच्या वरच्या बर्थवर उताणं पडून खेळलात की हा फरक मनगटाला कळतो.

प्रश्न: ओळखीतला एक जण जुना स्विच स्वस्तात देतोय. दिसायला दुकानातल्यासारखाच आहे. घ्यावा का?

दिसायला सारखाच असतो, गोम तिथेच आहे. २०१७ चा पहिला स्विच अडीच ते साडेसहा तास चालतो. २०१९ मध्ये चिप बदलली आणि बॅटरी तीच ठेवून वेळ साडेचार ते नऊ तासांवर गेली. झेल्डाचा ब्रेथ ऑफ द वाइल्ड जुन्यावर सुमारे तीन तास, नव्यावर साडेपाच. मागच्या बाजूचा मॉडेल क्रमांक वाचा: नुसतं HAC-001 असेल तर जुना, HAC-001(-01) असेल तर सुधारित. खोका असेल तर तोही सांगतो. जुन्यावर यंत्र धरलेला हात दिसतो, नव्याची पार्श्वभूमी पूर्ण लाल. शिवाय वापरलेली बॅटरी थकलेली असते, म्हणून पूर्ण चार्ज करून तासभर तिथेच बसून खेळा आणि टक्के किती उतरले ते बघा. आणि स्विच लाइट टीव्हीला जोडताच येत नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी तुमच्या कामाचा नाही.

प्रश्न: घरी सगळं व्यवस्थित चालतं. गाडीत रेंज गेली की गेम उघडतच नाही. बिघाड आहे का?

यंत्र ठीक आहे, परवान्याची तपासणी अडते आहे. स्विचवर डाउनलोड केलेला गेम खात्याशी बांधलेला असतो. तेच खातं दोन भावांच्या दोन यंत्रांवर असेल तर एकाला खेळ सुरू करताना नेट लागू शकतं. कार्ट्रिज घातलं की ही कटकट नाही. अपवाद स्विच २ ची गेम-की कार्डं: त्यांत गेम नसतो, आधी सगळा डाउनलोड करावा लागतो.

डेकवर प्रत्येक गेम निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर एकदा उघडा, कारण काही गेम पहिल्यांदा उघडतानाच उरलेल्या फाइली मागतात. मग वाय-फाय बंद करून पुन्हा उघडून बघा. प्रकाशकाचा स्वतःचा लाँचर असलेला गेम इथेच लॉगिन मागेल. तो प्रवासाच्या यादीतून काढा.

प्रश्न: २०,००० एमएएचची पॉवर बँक आहे. पुरेल ना? मे महिन्यात साध्या एसटीने जायचं आहे.

२०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास, पण घट जाऊन ५० च्या आसपास हाती लागतात. त्यात डेक एकदा भरेल, १६ वॅट-तासांचा स्विच ओएलईडी तीनदा. पॉवर बँकेवर यूएसबी पीडी लिहिलेलं हवं, डेकसाठी ४५ वॅटचं. फोनच्या साध्या पॉवर बँकेवर चार्जिंगचं चिन्ह दिसतं, तरी खेळताना टक्के उतरतच राहतात.

खरी अडचण उन्हाची. दोन्ही यंत्रं ३५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवली आहेत, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा त्याच्या कितीतरी वर असतो. दुपारच्या एसटीत खेळत चार्ज करू नका. पंखा घरघरू लागला आणि गेम अडखळू लागला की थांबा. सकाळची गाडी पकडा, नाहीतर रात्रीची.